दिल्लीहून आलेल्या समन्सचा मराठी अनुवाद आणि सोबतचे पत्र

भुसावळ, सोमवार, दिनांक १९ जानेवारी २०२६

मा. सुधाकरभाऊ पाटील यांस,
मु. पो. सावदा, ता. रावेर, जि. जळगाव

स. न. वि. वि.

आपण काल पाठवलेल्या इंग्रजी समन्सचा पूर्ण मराठी अनुवाद या पत्रासोबत जोडला आहे. अनुवाद वाचण्याआधी हे पत्र वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण समन्सच्या माथ्यावर ठळक दिसणारी तारीख आणि आपल्याला खरोखर पाळावयाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुदत तारखेच्या पुष्कळ आधी संपते.

आपण फोनवर म्हणालात की "तारीख १२ मार्चची आहे, तोवर केळीची कापणी उरकून दिल्लीला जाऊन येतो." १२ मार्च २०२६ ही न्यायालयाने प्रकरण पुढे ठेवण्याची तारीख आहे. आपल्यावरचा दावा मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा, म्हणजे ज्याला वकील मंडळी समरी दावा म्हणतात तो आहे. साध्या दाव्यात प्रतिवादी तारखेला उभा राहतो आणि लेखी कैफियत देतो. समरी दाव्यात आधी, समन्स बजावल्यापासून दहा दिवसांच्या आत, न्यायालयात हजेरी नोंदवावी लागते, आणि ती नोंदवली नाही तर दाव्यातील कथने प्रतिवादीने मान्य केली असे धरून वादीला हुकूमनामा मागता येतो. १२ मार्चला आपण वेळेवर दिल्लीत पोहोचलात तरी ही मुदत त्याआधीच टळलेली असेल.

आता दहा दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे ते सांगतो. समन्स रावेर न्यायालयाच्या बेलिफाने शुक्रवार, दिनांक १६ जानेवारी रोजी आपल्या घरी आणले, आपण बऱ्हाणपूरला असल्यामुळे ते आपल्या वडिलांनी सही करून घेतले, आणि आपल्या हाती ते रविवारी पडले. प्रतिवादी घरी नसताना, तो लवकर भेटण्याचा संभव नसेल आणि समन्स घेण्यासाठी त्याचा मुखत्यार नसेल, तर घरातील सज्ञान व्यक्तीकडे बजावणी करता येते. म्हणून मुदत रविवारपासून सुरू झाली असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बेलिफाच्या शेऱ्यावर १६ जानेवारी आहे आणि न्यायालयापुढे तोच शेरा जाणार आहे. बजावणीचा दिवस सोडून द्यावा असा मुदत मोजण्याचा नियम आहे. म्हणजे १७ जानेवारी हा पहिला दिवस आणि सोमवार, २६ जानेवारी हा दहावा. त्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी आहे. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीत धरली जाते, त्यामुळे मंगळवार, २७ जानेवारीचा आधार आपल्याला मिळू शकेल. तरीही त्या एका दिवसावर विसंबून राहू नये. शुक्रवार, २३ जानेवारीपर्यंत हजेरी नोंदवून झालेली असावी, असे मी आपला हितचिंतक म्हणून आग्रहाने सांगतो.

हजेरी नोंदवण्यासाठी आपण स्वतः दिल्लीला जाण्याची गरज नाही. वकिलामार्फतही ती नोंदवता येते. मात्र आपल्यावर पुढील नोटिसा कोणत्या पत्त्यावर बजावाव्यात तो पत्ता न्यायालयात दाखल करावा लागतो आणि त्याच दिवशी हजेरीची नोटीस वादीच्या वकिलांना द्यावी लागते. रावेरच्या आपल्या वकीलसाहेबांना आजच भेटून, त्यांच्यामार्फत रोहिणी न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांकडे वकीलपत्र सही करून पाठवावे. हजेरी नोंदवली म्हणजे पैसे देणे लागतो असे कबूल केले, असा अर्थ अजिबात होत नाही. आपण सांगितलेत की वचनचिठ्ठीच्या रकमेतून पाठवलेल्या मालाचे पैसे वळते झालेले आहेत. ते खरे असेल तर ते मांडण्याची जागा पुढे आहे, पण तिथवर पोहोचण्याचा दरवाजा हजेरीचा आहे.

हजेरीनंतर वादी आपल्यावर दुसरे समन्स, न्यायनिर्णयासाठीचे समन्स, बजावील. त्या बजावणीपासून पुन्हा दहा दिवसांच्या आत, शपथपत्रासह, बचावाची परवानगी मागावी लागते. तेव्हा पुढील काही आठवडे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे की न्यायालयाचे कोणतेही कागद आले की ते घेतल्याची तारीख पाकिटावर लिहावी आणि त्याच दिवशी आपल्याला कळवावे. मालाच्या चिठ्ठ्या, गाडी भरल्याच्या पावत्या आणि बँकेचे उतारे आतापासून एका जागी काढून ठेवावेत. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून तो माफ करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे, परंतु ती न्यायालयाच्या मर्जीवर आहे. हुकूमनामा झाल्यावर तो रद्द करून घेण्यासाठी तर विशेष परिस्थिती दाखवावी लागते.

अनुवादाविषयी दोन गोष्टी. मूळ कागदावर तारखा केवळ आकड्यांत, ०५.०१.२०२६ अशा, आहेत. दिवस कोणता आणि महिना कोणता याविषयी शंका राहू नये म्हणून मी महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले आहे. वार मूळात नसल्यामुळे अनुवादातही घातलेले नाहीत. आणि दहा दिवसांची मुदत मूळात तारखेच्या रूपात दिलेली नाही, म्हणून अनुवादातही ती तारखेत बदललेली नाही. वर दिलेली मोजणी माझी आहे, न्यायालयाची नाही. ती वकीलसाहेबांना दाखवून पक्की करून घ्यावी.

आपला,
विठ्ठल दामोदर चौधरी
अनुवादक, भुसावळ


मराठी अनुवाद

दिवाणी न्यायाधीश यांचे न्यायालय, रोहिणी न्यायालय संकुल, दिल्ली

दिवाणी दावा क्रमांक ४१२ सन २०२५
पुढील तारीख : १२ मार्च २०२६, सकाळी १० वाजता

संक्षिप्त दाव्यातील समन्स
(दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ३७, नियम २)

राजेंद्रकुमार गुप्ता, राहणार आझादपूर, दिल्ली … वादी
विरुद्ध
सुधाकर नामदेव पाटील, राहणार सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव, महाराष्ट्र … प्रतिवादी

प्रति,
सुधाकर नामदेव पाटील, वर नमूद केलेला प्रतिवादी

ज्याअर्थी, वर नमूद केलेल्या वादीने, दिनांक १८ सप्टेंबर २०२३ रोजीच्या वचनचिठ्ठीच्या आधारे, रुपये २,८६,४०० (अक्षरी रुपये दोन लाख शहाऐंशी हजार चारशे फक्त) आणि त्यावरील व्याज यांच्या वसुलीसाठी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३७ अन्वये तुमच्याविरुद्ध दावा दाखल केलेला आहे;

त्याअर्थी, या समन्सद्वारे तुम्हाला फर्मावण्यात येते की, हे समन्स बजावल्यापासून दहा दिवसांच्या आत तुम्ही आपली हजेरी नोंदवावी किंवा नोंदवून घ्यावी. तसे न केल्यास, उक्त दहा दिवसांची मुदत संपल्यानंतर, रुपये २,८६,४०० पेक्षा अधिक नसेल अशा कोणत्याही रकमेचा, तसेच खर्चापोटी रुपये ११,२०० (अक्षरी रुपये अकरा हजार दोनशे फक्त) इतक्या रकमेचा, न्यायालय आदेश देईल असे व्याज असल्यास त्यासह, हुकूमनामा मिळवण्यास वादी हक्कदार होईल.

तुम्ही आपली हजेरी नोंदवल्यास, त्यानंतर वादी तुमच्यावर न्यायनिर्णयासाठीचे समन्स बजावील, आणि त्याच्या सुनावणीच्या वेळी दाव्यात बचाव करण्याची परवानगी मिळावी म्हणून न्यायालयाकडे अर्ज करण्याचा तुम्हाला हक्क राहील.

दाव्याच्या गुणदोषांवर तुमचा बचाव आहे, किंवा तुम्हाला बचाव करू देणे वाजवी आहे, याविषयी तुम्ही शपथपत्राद्वारे अथवा अन्य प्रकारे न्यायालयाची खात्री पटवून दिल्यास बचाव करण्याची परवानगी मिळू शकेल.

वादपत्र आणि त्यासोबतच्या जोडपत्रांची प्रत या समन्ससोबत जोडली आहे.

माझ्या सहीने आणि न्यायालयाच्या शिक्क्यानिशी आज दिनांक ५ जानेवारी २०२६ रोजी दिले.

(सही) दिवाणी न्यायाधीश
(न्यायालयाचा गोल शिक्का)

बजावणीचा शेरा, मागील बाजूस (मूळचाच मराठीत असल्यामुळे जसाच्या तसा उतरवला आहे) :

"आज दि. १६/०१/२०२६ रोजी दुपारी १२.४० वाजता मौजे सावदा येथे प्रतिवादीचे राहते घरी गेलो असता प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत. ते बऱ्हाणपूर येथे गेले असून केव्हा येतील हे नक्की सांगता येत नाही, असे घरच्यांनी सांगितले. समन्स, वादपत्र व जोडपत्रे यांच्या प्रती प्रतिवादीचे वडील नामदेव पाटील, वय ७१, एकत्र राहतात, यांना वाचून दाखवून दिल्या व त्यांची सही घेतली. बेलीफ, दिवाणी न्यायालय, रावेर."


अनुवादकाचे प्रमाणपत्र

मी, विठ्ठल दामोदर चौधरी, राहणार भुसावळ, जिल्हा जळगाव, असे प्रमाणित करतो की मला इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषा चांगल्या अवगत आहेत, आणि वरील मजकूर हा दिवाणी दावा क्रमांक ४१२ सन २०२५ मधील, दिनांक ५ जानेवारी २०२६ रोजीच्या इंग्रजी समन्सचा खरा, पूर्ण व बिनचूक अनुवाद आहे. समन्समधील सर्व तारखा, रकमा, दावा क्रमांक आणि मुदती मी मूळ कागदाशी ताडून पाहिल्या असून त्यांत काहीही वाढवलेले किंवा वगळलेले नाही. वादपत्र व जोडपत्रे यांचा अनुवाद यात समाविष्ट नाही. अनुवाद आणि मूळ इंग्रजी यांत अर्थाचा फरक आढळल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा.

ठिकाण : भुसावळ
दिनांक : १९ जानेवारी २०२६

(सही) वि. दा. चौधरी