विषय: राखी २८ ऑगस्टला आहे, भावाला यंदा पण मोजेच देणार का?

नमस्कार मंडळी,

यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेला म्हणून राखी इतकी लांबली, २८ ऑगस्ट, शुक्रवार. आणि राखी लांबली की सगळे निवांत बसतात आणि मग २५ तारखेला दुकानात गर्दी करतात, हे आम्ही राजवाड्याच्या मागे बसून इतकी वर्षं बघतोय. म्हणून हा मेल आत्ताच. बजेटनुसार लावलाय, आणि कुठली वस्तू कुणासाठी ते तिथेच लिहिलंय.

*२०० रुपयांच्या आत*

रेशमी गोंड्याची राखी ४० पासून, रुद्राक्षाची ९०. वहिनीसाठी लुंबा ७० ला, आपल्या मराठी घरांत ही पद्धत नव्हती पण इंदूरात मारवाडी शेजारणींकडे बघून आता आपल्याही वहिन्या विचारतात, तर पाठवून द्या, खूश होतील.

पुण्या-मुंबईला गेलेल्या भावासाठी आमच्याकडची सगळ्यात भारी वस्तू सुद्धा याच बजेटमध्ये आहे, जीरावण. १०० ग्रॅमची पुडी ६० रुपये. तिकडे पोहे करतात, लिंबू पिळतात, खोबरं घालतात, ठीकच असतात, पण वाफेवर धरलेल्या पोह्यावर चिमूटभर जीरावण आणि वर शेव पडल्याशिवाय भिया लोकांचं समाधान होत नाही. पुडी उघडली की आधी आमचूर नाकात जातो, मग हिंग. सोबत लौंग सेव पाव किलो घ्या, ९० ला, दोन्ही मिळून १५० मध्ये काम झालं.

*२०० ते ५००*

मामेभाऊ, आतेभाऊ, चुलत, मावस, ज्यांची यादी संपत नाही, त्यांच्यासाठी डबा सेट केलाय: राखी, अक्षता-कुंकवाची पुडी, लौंग सेव, जीरावण, ३२० रुपये. पाच घेतले तर १५००. सगळ्यांना सेमच द्या, नाहीतर "त्याला मोठा डबा का" हे दिवाळीपर्यंत ऐकावं लागतं.

छोट्या भाच्यांसाठी इंदूरचे चामड्याचे प्राणी, घोडा ४५०, हत्ती ४८०. आत तारेचा सांगाडा, वरून चामडं ताणून बसवलेलं, जीआय टॅग आहे याला. मात्र ज्या घरात चामडं चालत नाही तिथे देण्याआधी विचारा, मागे आमच्याच एका आत्याबाईंनी घोडा देव्हाऱ्याच्या खोलीतून बाहेर काढला होता.

*५०० ते १२००*

हे भावांसाठी, म्हणजे बहिणीला ओवाळणी देणाऱ्यांसाठी. पाकिटात पाचशेची नोट घालायची असेल तर घाला, कोणी नाही म्हणत नाही, पण वर्षभर "तुझा दादा देतो तरी काय" असं तिच्या सासरी ऐकायचं नसेल तर बाग प्रिंटचा सुती दुपट्टा घ्या, ७५०. धार जिल्ह्यातल्या बाग गावचे ठसे, लाल-काळे. पहिल्यांदा वेगळा धुवा हे तिला नक्की सांगा, नाहीतर पांढरी सलवार गुलाबी होईल आणि फोन आम्हाला येईल. आई किंवा आजीला द्यायचा असेल तर माहेश्वरी स्टोल, ९५०, एसीत पांघरायला हलका.

*२५०० च्या वर*

लग्नानंतरची पहिली राखी असेल, किंवा ताई जिने लहानपणी तुमचा अभ्यास घेतला आणि मारही खाल्ला तुमच्यासाठी, तर सरळ माहेश्वरी साडी. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, म्हणून अंगावर हलकी पडते. काठाला बुगडी म्हणतात, आणि हा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, उलट-सुलट नेसली तरी चालते. हातमागाच्या २८०० पासून. अहिल्याबाईंच्या महेश्वरचं विणकाम आहे. रंग निवडताना भाऊ लोकांनी कृपया वहिनीला सोबत आणा. "काहीतरी निळं" सांगून घेतलेल्या साड्या आम्ही भरपूर बदलून दिल्यात.

*पाठवायचं कसं*

बाहेरगावची ऑर्डर १८ ऑगस्टपर्यंत द्या. गेल्या वर्षी एका कुरियरने सात डबे राखीनंतर चौथ्या दिवशी पोहोचवले, सेवेचा भुगा झाला होता, पैसे आम्ही परत केले पण बहिणींचं तोंड बघवत नव्हतं. यंदा सेव कडक डब्यात जाते आणि फक्त राखी असेल तर पोस्टाच्या वॉटरप्रूफ पाकिटातून. इंदूरमध्ये २७ च्या संध्याकाळपर्यंत घरपोच, फ्री.

ऑर्डरसाठी याच मेलला रिप्लाय करा, वस्तू, पत्ता आणि कार्डावर काय लिहायचं ते. कार्डावरचा मजकूर हाताने लिहितो, दोन ओळींपेक्षा जास्त नको, माझं अक्षर मोठं आहे.

— दुकानातून, तुमची ताई

ता.क. भावाला मोजे हवेच असतील तर ते पण आहेत, तीन जोड १८० ला.