घरात कुणाला फिट आली तर काय करायचं आणि 108 ला कधी फोन लावायचा

हा कागद आपल्या फिट्सच्या ओपीडीला येणाऱ्या सगळ्या घरांसाठी आहे. वाचून झाला की फ्रीजवर नाहीतर कपाटाच्या दारावर चिकटवा आणि आजी-आजोबांना, शाळेत जाणाऱ्या पोरांना, शेजारच्यांनाही एकदा वाचून दाखवा. फिट येते तेव्हा पेशंटचं सगळं बघणारं माणूस बऱ्याचदा शेतात नाहीतर बाजाराला गेलेलं असतं, आणि समोर असतं ते घाबरलेलं दुसरंच कुणीतरी.

सगळ्यात आधी टाइम बघा

मोबाईलवर बघा आणि मोठ्याने बोलून टाका, "आठ वाजून दहा मिनिटं झालीत", म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात राहील. घाबरल्यावर एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, तुम्ही काही केलं तरी आणि नाही केलं तरी. आपलं काम फिट थांबवायचं नाही, तेवढ्या वेळात माणसाला लागू द्यायचं नाही आणि श्वास मोकळा ठेवायचा, एवढंच.

जिथे पडलाय तिथेच राहू द्या, उचलून पलंगावर न्यायची गडबड करू नका. हलवायचं फक्त जीवाला धोका असेल तर, म्हणजे चुलीजवळ, गॅसजवळ, रस्त्यावर, जिन्याच्या तोंडाशी किंवा पाण्यात पडला असेल तर. बाकी आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, विळी, स्टूल, गरम पातेलं, जे असेल ते. डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल, ओढणी, शर्ट, हाताला येईल ते मऊ ठेवा. चष्मा काढा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, वरचं बटण, मफलर, गंडा, सगळंच.

झटके कमी व्हायला लागले की हळूच एका कुशीवर वळवा, तोंड थोडं जमिनीकडे राहील असं, म्हणजे लाळ, फेस, उलटी बाहेर वाहून जाते आणि श्वासनलिकेत जात नाही. मधेच उलटी झाली किंवा तोंडात खूप फेस आला तर झटके चालू असतानाही कुशीवर वळवायचा प्रयत्न करा, पण अंग ताठ असेल तर ताकद लावून नाही. कागदावरचं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल, कुशीवर वळवणं.

हे करू नका

तोंडात काहीही घालू नका. चमचा नाही, कापड नाही, बोट तर अजिबात नाही. जीभ गिळली जाईल ही भीती सगळ्यांना असते पण जीभ गिळली जात नाही. चावली जाते कधीकधी, रक्त येतं, ते दिसायला भयंकर असतं पण ती जखम बहुतेक वेळा आपोआप भरते. चमच्याने मात्र दात तुटतो आणि तुटलेला तुकडा श्वासात अडकू शकतो, आणि दातखिळी उघडायला गेलेल्याचं बोटसुद्धा चावलं जातं.

चपला हुंगवणं, कांदा फोडून नाकाला लावणं, हातात लोखंडाची किल्ली देणं, यातल्या कशाने फिट थांबत नाही. थांबली असं वाटतं कारण ती तशीही थांबणारच असते. मोठी माणसं हे जीव तोडून, मायेनेच करतात, त्यांच्यावर ओरडू नका, त्यांना टाइम बघायचं काम द्या.

हातपाय दाबून धरू नका, खांदा निखळू शकतो. तोंडावर पाणी मारू नका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी, चहा, गोळी, लिंबूपाणी, काहीही पाजू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकतं. आणि गर्दी हटवा, एक-दोन माणसं पुरे.

ज्यांना डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिलाय त्यांनी चिठ्ठीवर जेवढं आणि जेव्हा लिहिलंय तसाच मारायचा आणि नंतर श्वासाकडे लक्ष ठेवायचं. दुसऱ्याच्या पेशंटचा स्प्रे वापरू नका, डोस वजनावर असतो.

108 ला फोन लगेच लावा, जर:

- फिट 5 मिनिटं झाली तरी थांबली नाही. तुमची वस्ती लांब असेल, घाटरस्ता असेल, तर तिसऱ्या मिनिटालाच लावा, गाडी यायला वेळ लागतो, आणि फिट थांबली तर तसं फोन करून सांगता येतं
- एक थांबून शुद्ध यायच्या आधीच दुसरी आली
- आयुष्यातली पहिलीच फिट आहे
- बाई गरोदर आहे किंवा नुकतीच बाळंत झालीय. हिला आधी फिट्सचा त्रास होता की नाही हे बघत बसू नका, यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात असू शकतो
- पेशंटला शुगर आहे
- पाण्यात असताना आली, विहीर, नदी, हौद कुठेही, नंतर बरा दिसला तरी
- डोक्याला जोरात लागलंय
- फिट थांबून अर्धा तास झाला तरी नीट जाग येत नाहीये, किंवा एका बाजूचा हात-पाय हलत नाहीये
- ताप आहे आणि मान ताठ झालीय

झटक्यांच्या वेळी ओठ थोडे निळसर होऊ शकतात, पण फिट थांबल्यावर श्वास नॉर्मल सुरू झाला पाहिजे. नाही झाला तर 108 लावून फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायला सुरू करा, फोनवरचे लोक पुढचं सांगतील.

फोनवर गाव, वस्ती आणि जवळची खूण सांगा, देऊळ, शाळा, दूध डेअरी, काहीही. वय सांगा, फिट कधी सुरू झाली, आत्ता श्वास चालू आहे का ते सांगा. आपणहून फोन ठेवू नका आणि एकाला रस्त्यावर उभं करा, रात्री असेल तर टॉर्च घेऊन.

ज्याला फिट्सचा त्रास आधीपासून आहे, नेहमीसारखीच आली, दोन मिनिटांत थांबली आणि माणूस सावरतोय, तर अँब्युलन्सची गरज नसते. जवळ बसून राहा. थोडा वेळ गोंधळलेला असतो, उलटसुलट बोलतो, झोपतो, हे नॉर्मल आहे. कपड्यात लघवी झाली असेल तर आधी चादर टाका, मग बाकीच्यांना बाहेर पाठवा. नाव, गाव नीट सांगायला लागला की मगच घोटभर पाणी.

लहान बाळांची तापातली फिट

6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना ताप चढताना येते. बघवत नाही पण बहुतेक वेळा नुकसान करत नाही. वर सांगितलंय तेच करा, कुशीवर आणि टाइम. थंड पाण्याने अंघोळ नाही, बर्फ नाही. तापाचं औषध पूर्ण जाग आल्यावरच. पहिल्यांदाच आली असेल तर वर सांगितलंय तसं 108 लावा, थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि 6 महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर सरळ 108.

झटके नसलेली फिट

काहींना नुसतं टक लावून बघणं, तोंड चघळल्यासारखं करणं, कपडे ओढणं, मधेच उठून चालायला लागणं असं होतं. ओरडू नका, धरून ठेवू नका, फक्त चूल, रस्ता, विहीर यांच्यापासून हळूच वळवून घ्या. 5 मिनिटांचा हिशोब इथेही तोच.

दोन माणसं असतील तर एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना खूप उपयोगी पडतो. तो ओपीडीत दाखवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. सोबत तारीख, टाइम, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप झाली का, उपास होता का, गोळी चुकली होती का हे वहीत लिहून आणा. गोळी चुकणं हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे, म्हणून गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी या, आणि बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका.