उत्क्रांतीचे पुरावे: जीवाश्म, समजात अवयव आणि कार्बनी वयमापन

प्रश्न: सजीवांची उत्क्रांती झाली, या विधानाला जीवाश्म, समजात अवयव व कार्बनी वयमापन यांचा आधार कसा मिळतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.

उत्तर: आजचे सजीव पूर्वीच्या वेगळ्या सजीवांपासून पिढ्यान्‌पिढ्या बदलत आले, असे उत्क्रांतीचा सिद्धांत सांगतो. मोठे बदल घडण्यास लक्षावधी वर्षे लागत असल्याने ते मागे राहिलेल्या खुणांवरून ओळखावे लागतात.

गाळाच्या खडकांत खालचा थर जुना व वरचा नवा असतो. या थरांतील जीवाश्मांत, म्हणजे खडकात टिकून राहिलेल्या प्राचीन सजीवांच्या अवशेषांत, मासे आधी, उभयचर त्यानंतर, मग सरीसृप आणि पक्षी त्यांच्याही नंतर आढळतात. जर्मनीत 1861 साली प्रकाशात आलेल्या, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यासारखी पिसे होती, पण दात व हाडांची लांब शेपटी सरीसृपांसारखी होती. खान्देशातील बहुतेक काळा कातळ लाव्हारस थिजून झालेला असल्याने असे जीवाश्म त्यात सहसा मिळत नाहीत.

समजात अवयव म्हणजे काम वेगळे असले तरी मूळ रचना सारखी असलेले अवयव. त्यांचा पुरावा मात्र आपल्या गोठ्यातही पाहता येतो. बैलाच्या पुढच्या पायात आपल्या हाताप्रमाणेच वर दंडाचे एक हाड, त्याखाली दोन हाडे, मग मनगटाची लहान हाडे आणि शेवटी बोटे असतात. आपण ज्याला त्या पायाचा गुडघा म्हणतो ते खरे तर मनगट होय, आणि दुभंगलेला खूर म्हणजे दोन बोटांची टोके होत. वटवाघळाच्या पंखात व देवमाशाच्या परातही हाच आराखडा दिसतो. चालणे, उडणे आणि पोहणे या कामांसाठी एकाच रचनेची मुळात गरज नव्हती. म्हणून समान पूर्वज हेच तिचे समाधानकारक स्पष्टीकरण ठरते. कीटकाचा पंख उडण्याच्याच कामाचा असूनही त्यात हाडे नसतात, त्यामुळे तो पक्ष्याच्या पंखाशी समजात नाही.

विलार्ड लिबी यांनी शोधलेल्या कार्बनी वयमापनास 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले. सजीव मेल्यावर त्याच्यातील कार्बन-14 या किरणोत्सारी कार्बनची भर थांबते आणि दर 5,730 वर्षांनी तो निम्मा होतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे सापडलेल्या शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे वय या पद्धतीने सुमारे 25,000 वर्षे ठरले. आज भारतात रानटी शहामृग नाही. मात्र सुमारे 50,000 वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-14 उरत नाही, म्हणून आर्किऑप्टेरिक्सचे वय कार्बनवरून ठरले असे लिहिणे चूक आहे. इतक्या जुन्या थरांसाठी ज्वालामुखीजन्य खडकांतील युरेनियम किंवा पोटॅशियम वापरतात. वयमापन स्वतः उत्क्रांती सिद्ध करत नाही, ते काळ मोजून देते. तरीही त्याचे मोल मोठे आहे, कारण थरांचा क्रम 1896 मध्ये किरणोत्सारिता माहीत होण्यापूर्वीच केवळ जीवाश्म व खडक पाहून लावला गेला होता, आणि पुढे स्वतंत्रपणे मोजलेल्या वयांतून तोच क्रम निघाला.