अक्का, तारीख कळली, आता बाकीचं सांग

अक्का,

"टीईटी २३ नोव्हेंबरला आहे, अभ्यासाचं वेळापत्रक करून पाठव." तुझा मेसेज संपला तो इथंच. आज २१ सप्टेंबर. म्हणजे हातात ६३ दिवस आणि मधे आठ रविवार. तारखेवरून मला एवढंच कळतं. तक्ता आत्ता आखून देईन, तू तो फ्रिजवर चिकटवशीलही, पण उद्या घट बसतायत आणि दसऱ्याच्या आत तो मोडलेला असेल. तेव्हा आधी मी विचारतो त्याचं उत्तर दे.

पेपर कुठला भरतेयस? चौथीचा वर्ग तुझ्याकडं आहे म्हणून मी पहिला धरलाय. त्यात बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. पण मधे तू सहावीचं गणितही घेत होतीस. सहावी ते आठवीचा, म्हणजे दुसरा पेपर असेल तर गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातलं एक ६० गुणांना येतं आणि सगळा हिशेबच बदलतो. दोन्ही भरायचा मोह होईल, कारण एकाच दिवशी असतात. माझं ऐकशील तर यंदा एकच भर.

आता वेळ. इथं खरं बोल. "रोज चार तास करीन" असं लिहू नकोस, मी मणेराजुरीला राहून गेलोय. शाळा सुटून घरी यायला तुला साडेपाच होतात. मग आत्यांचं औषधपाणी, स्वयंपाक. त्यात आता दाजींची छाटणी. छाटणी कुठल्या तारखेला धरलीय ते दाजींना विचारून कळव, कारण बागेत माणसं असली की तुझी पहाट भाकऱ्यांतच जाते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते पंधरा-वीस दिवस मी कोरे सोडणार आहे. शाळेचं ऑनलाइन माहिती भरायचं काम, बीएलओचं काम तुझ्याकडं आहे का, तेही लिही. दिवाळीची सुट्टी मात्र मला पाहिजे. माहेरी किती दिवस येणार? आलीस तर मिरजेत माझ्या खोलीवर दुपारी तीन तास बसायचं. आई काही काम सांगणार नाही, ते माझ्याकडं लागलं.

आणि शेवटचं, ज्याचा तुला राग येईल. आत्ता तुला किती येतं? १९ वर्षं शिकवतेयस म्हणून सगळं येतं असं नसतं, आणि डीएड होऊन जमाना झाला म्हणून काहीच येत नाही असंही नसतं. विचारून कळत नाही, म्हणून एक काम कर. सोबत जुना पहिला पेपर पाठवलाय. गुरुवारच्या आत एकदा, दार लावून, घड्याळ लावून अडीच तासांत १५० प्रश्न सोडव. मधे पुस्तक उघडायचं नाही, पोराला विचारायचं नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही गोल मोकळा सोडू नकोस. पण जिथं नुसता अंदाज मारलास तिथं पेन्सिलनं फुली कर. मला बेरीज नको, पाच विषयांचे वेगवेगळे गुण आणि फुल्या किती ते हवंय. २० आले आणि त्यात आठ फुल्या असतील, तर ते २० नव्हेत.

पास व्हायला खुल्या गटात ६० टक्के, म्हणजे ९०. मराठी आणि परिसर अभ्यासात मिळून तुला ४५ आरामात पडतील असं मला वाटतं. उरलेले ४५ बालमानसशास्त्र, गणित आणि इंग्रजीतून काढायचे. माझ्या वेळी बालमानसशास्त्रानंच मला खाल्लं होतं. पियाजेच्या अवस्था पाठ होत्या, पण प्रश्न वर्गातला प्रसंग देऊन विचारतात. तिथं तुझा अनुभव कामी येईल, फक्त नावं पुन्हा बसवावी लागतील. इंग्रजीचं मात्र मी काहीच गृहीत धरत नाही, तो आकडा बघूनच बोलू.

नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी पास व्हायला लावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचं टेन्शन घेऊन बसू नकोस. दोन वर्षांची मुदत आहे आणि ही त्यातली पहिलीच परीक्षा. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना सूट आहे, पण तुझी १४ आहेत, त्यामुळं टाळता येणार नाही.

गुरुवारपर्यंत वेगळं काही वाचू नकोस. नवी गाइडं तर आणूच नकोस, दाजींनी सांगलीहून आणतो म्हटलं तरी. घरात चौथीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आहेच, झोपताना चाळलंस तरी चालेल.

उत्तर एकदम नको, जमेल तसं पाठव: पेपर कुठला, छाटणीची तारीख, सुट्टीतले दिवस, पाच आकडे. आवाज रेकॉर्ड करून पाठवलंस तरी चालेल, फक्त मागं मिक्सर चालू नको. हे आलं की शनिवारी रात्री बसून पहिल्या दोन आठवड्यांचं करून देतो. पुढचं त्यानंतरच्या पेपरचे गुण बघून.

आत्यांना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या