हेतल, बांची बातमी वाचली

हेतल, सकाळी ग्रुपवर तुझ्या भावाने पेपरच्या कात्रणाचा फोटो टाकला, सगळं गुजरातीत, मला त्यातलं तुझं नाव तेवढं कसंबसं लागलं आणि काळजात धस्स झालं गं. फोनवर मराठी करून बघितलं तर नावं आणि नाती सगळी एकमेकांत गेली, कोण गेलं तेच नीट कळेना. मग खालच्या मजल्यावरच्या भावनाबेनकडे गेले, त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. सावरकुंडला निवासी, हाल घाटकोपर, गं. स्व. सविताबेन, वय ७८, श्रीजीचरण पामेल छे. बांचं नाव सविताबेन हे मला आज कळलं बघ. इतकी वर्षं आपली 'हेतलची बा'च.

लगेच यायला निघालेच होते मी, पर्स पण घेतली होती, पण शेवटी लिहिलंय ना की लौकिक व्यवहार बंद ठेवलाय, म्हणून थांबले. घरात आत्ता कोणी येऊन बसायला नको असेल तर तसंच होऊ दे, तुम्हाला सगळ्यांना जरा पडायला मिळायला हवं, गेले पंधरा दिवस तू हॉस्पिटल आणि ब्रांच कशी करत होतीस ते आम्ही बघत होतो. पण काहीच न बोलता राहवेना म्हणून हे लिहितेय.

चक्षुदान केल्याची ओळ भावनाबेननी वाचली आणि आम्ही दोघी जरा वेळ गप्पच बसलो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही हे केलं होतं म्हणून मला माहितीये त्यात काय काय असतं, साधारण सहा तासांच्या आत सगळं व्हायला लागतं, टीम येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आपली आई गेलीय, अजून खरं पण वाटत नाहीये आणि तेवढ्यात फोन करून हे सगळं सुचणं आणि करणं, सोपं नाही गं. बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी डोळे देता येतात हे अजून कितीतरी लोकांना माहीत नसतं. तुम्ही भावंडांनी फार मोठं काम केलंत.

मला त्या आठवतात त्या भाजी घेताना. तुझ्याकडे आले होते तेव्हा मला मार्केटमध्ये घेऊन गेल्या, भाजीवाल्याने तराजू उचलला की भाजीकडे नाही, काट्याकडे बघायच्या, तो स्थिर होईपर्यंत पैसे काढायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, अमारा गामना कांटा आखा देशमां जाय. सावरकुंडल्याचे वजनकाटे म्हणजे नावाजलेले, हे मला तेव्हाच त्यांच्याकडून कळलं. आणि घरी आल्यावर मात्र छुंदा देताना कसला काटा नि कसलं माप, बरणी काठोकाठ भरून वर अजून एक चमचा दाबून बसवला आणि झाकणाला प्लॅस्टिक लावून रबर गुंडाळलं, ट्रेनमध्ये सांडायला नको म्हणून. दर उन्हाळ्यात तुझ्या डब्याबरोबर माझी बरणी यायचीच. माझी लेक अजून पोळीबरोबर तोच मागते. तिला सांगितलं आज, रडली ती.

तुझ्याशी काय बोलायचं ते खरंच कळत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली तेव्हा तू काही न बोलता माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली होतीस, आलेल्या कस्टमरला पण तूच परत पाठवलं होतंस. मला तेवढाच आधार पुरला होता.

ऑफिसचं काही डोक्यात ठेवू नकोस. रजेचं मी साहेबांशी बोललेय, अर्ज तू आल्यावर दिलास तरी चालेल म्हणाले. तुझ्या लोनच्या फाइली प्रकाशने घेतल्यात, लॉकरची चावी रीतसर जमा झालीये. जेवण वेळेवर घे, चहावर दिवस काढू नकोस, तुझ्या ॲसिडिटीचं माहितीये ना तुला. भावाला आणि वहिनींना पण सांग माझं.

शनिवारी प्रार्थनासभेला आम्ही ब्रांचमधले आठजण येतोय, ५ ते ७ आहे ना, सगळ्यांना पांढरे कपडे घालायला सांगितलंय आणि घाटकोपर ईस्टचा हॉल प्रकाशने बघितलेला आहे, त्यामुळे पत्ता वगैरे पाठवत बसू नकोस. याला उत्तर पण देऊ नकोस. रात्री झोप नाही लागली तर मात्र कितीही वाजता फोन कर, मी उचलेन.

जय श्री कृष्ण.
वैशाली