हंगामासाठी मंजूर उत्तरं: फेसबुक आणि इन्स्टाग्राम

रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या सुटायला लागल्या की कमेंट आणि इनबॉक्सवर आपण तिघं असतो. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगू नयेत म्हणून ही उत्तरं. दादांनी प्रत्येक वाचून होकार दिलाय. पैसे, तारीख आणि आंबा कसा पिकवला याबद्दलची वाक्यं आहेत तशीच ठेवा. बाकीचं तुमच्या बोलण्यात येऊ द्या. पहिलं वाक्य मात्र दर वेळी नवं लिहायचं, समोरच्याने जे सांगितलंय त्यावरूनच. खालची उत्तरं खऱ्या प्रश्नांसारख्या प्रश्नांना लिहिली आहेत, म्हणजे पहिलं वाक्य कसं असावं ते दिसेल.

"आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे कुठेही लिहू नका. पेटी उशिरा आली काय, फुटकी आली काय, ते वाक्य कुठल्याही तक्रारीला चिकटवता येतं. त्यामुळे आपण तक्रार वाचलीच नाही असं वाटतं.

भाव विचारला तर

"नमस्कार! मध्यम फळाची पाच डझनांची पेटी सध्या 3,500 रुपये, पुण्यात घरपोच. हा भाव येत्या रविवारपर्यंत आहे."

"इनबॉक्समध्ये या" असं म्हणून भाव लपवायचा नाही. विचारणाऱ्यामागे तोच प्रश्न असलेले बरेच जण नुसते वाचत असतात.

आंबे हिरवे, कडक आले

"पाहुणे शनिवारी येणार आणि आंबे अजून हिरवे, म्हणजे काळजी वाटणारच. आम्ही फळ तयार झाल्यावर, पण पिकायच्या आधी उतरवतो. पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रावर एकाच थरात ठेवा, कच्चे असताना फ्रिजमध्ये नको. रोज एकदा हात फिरवा. देठाजवळ वास सुटला आणि फळ किंचित दबलं की कापा. शुक्रवारी सकाळी एक फोटो पाठवाल का? तोवर पिकत नसतील तर आपण पुढचं बोलू."

शनिवारपर्यंत पिकतीलच असं कुणालाही लिहू नका. ते हवेवर आहे, आपल्या हातात नाही.

साका निघाला

इथे सगळ्यात जास्त मन दुखतं. वरून सोन्यासारखं फळ, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. माणसाला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून आधी पैसे, मग कारण.

"आईसाठी पहिला आंबा कापला आणि नेमका तोच खराब निघाला, वाईट वाटलं. फोटोत दिसतोय तो साका आहे. जेवढ्या फळांत साका निघेल तेवढ्या फळांचे पैसे आम्ही परत करतो; पेटी संपेपर्यंत एकेक फोटो पाठवत राहा, हिशेब शेवटी एकदम करू. साका हा हापूसमधला दोष आहे, बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून आमच्याही नजरेतून सुटतो."

आणखी विचारलं तरच उन्हाच्या झळीबद्दल सांगा. पैशांच्या आधी कारण आलं की ती सबब वाटते.

"कार्बाइड मारलाय का?"

"लहान मुलं खाणार आहेत, तर विचारायलाच हवं. आम्ही कॅल्शियम कार्बाइड वापरत नाही. फळं पिकवायला त्यावर भारतात बंदी आहे. आमचे आंबे पेंढ्याच्या आढीत पिकतात. त्यामुळे एकाच पेटीत चार पिवळे आणि दोन हिरवट असे दिसू शकतात."

चिडून उत्तर देऊ नका, दुसऱ्या बागायतदाराचं नाव काढू नका. "खरा हापूस कशावरून?" असं कुणी विचारलं तर एवढंच: "हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. आमची बाग रत्नागिरी तालुक्यात आहे."

पेटी पोहोचली नाही

"काल येणार म्हणून तुम्ही दिवसभर घरी थांबलात आणि पेटी आली नाही, हे आमच्याकडून चुकलं. पावती क्रमांक इनबॉक्समध्ये पाठवा, इथे पत्ता किंवा फोन नंबर टाकू नका. आज संध्याकाळी सहापर्यंत गाडी कुठे आहे ते मी स्वतः कळवते."

सहा म्हटलं की सहा. पत्ता लागला नसेल तरी "अजून कळलेलं नाही, आठला पुन्हा सांगते" असं लिहायचं. खाली आपलं नाव घाला.

परतावा

"तीन आंब्यांचे 175 रुपये आज तुमच्या यूपीआयवर पाठवतोय. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आमच्या नावाने कुणी पिन, ओटीपी किंवा लिंक पाठवली तर उघडू नका, आम्हाला कळवा."

पिनचं वाक्य कधीही गाळू नका. तक्रारीच्या कमेंटखाली आपलं नाव आणि फोटो लावून तिसराच माणूस "रिफंड देतो" म्हणत येतो, आणि आधीच वैतागलेलं गिऱ्हाईक त्याच्या तावडीत सापडतं. अशी कमेंट दिसली की आधी लपवा, मग दादांना सांगा.

दुसऱ्यांदा चिडून लिहिलं तर

यातलं एकही उत्तर टाकू नका. "तुमच्याशी बोलायचंय, आता फोन केला तर चालेल?" एवढंच इनबॉक्समध्ये लिहा आणि फोन दादांकडे द्या. बोलणं झाल्यावर जे ठरलं ते त्याच कमेंटखाली एका ओळीत लिहा.

नवा प्रश्न आला, उत्तर इथे नसेल, तर "विचारून सांगते" लिहून ग्रुपवर टाका. दर सोमवारी सकाळी दादांसोबत बसून अशी उत्तरं यात घालू आणि जुना भाव काढून टाकू.