पूर तयारी बैठक : काय ठरलं, काय बोलणं झालं, कुणी काय करायचं

बैठक : शुक्रवार, 5 जून 2026, संध्याकाळी 6 ते 7.15, आपलं घाऊक औषध दुकान, शाहूपुरी, कोल्हापूर
हजर : आप्पा, दीपाली मॅडम, नारायणमामा, सागर, असिफभाई, मनीषा
गैरहजर : संगीतावहिनी, बाळूदादा, ओंकार
लिहिणार : मनीषा (बिलिंग)

संगीतावहिनी, बाळूदादा, ओंकार,

बैठक चालू असताना आणि नंतर रात्रीपर्यंत ग्रुपवर बरेच मेसेज पडले. तुम्ही फक्त ते वाचले असतील, तर माल उचगावला जाणार आणि दुकानदारांना 45 दिवसांची उधारी मिळणार असं वाटेल. दोन्ही ठरलेलं नाही. म्हणून ग्रुपवरचं बाजूला ठेवून हे वाचा. शेवटी उठताना आप्पांनी एकेक मुद्दा मोठ्याने म्हणून ‘हे पक्कं’ असं सांगितलं. तेवढंच ‘निर्णय’ या भागात घेतलं आहे. बाकीचं पुढे ‘चर्चा’ म्हणून आहे.

निर्णय

1. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 37 फूट झाली की तळमजल्यावरचा माल वर चढवायला सुरुवात करायची. इशारा पातळी 39 फूट आहे आणि धोका पातळी 43, पण आपण इशाऱ्याची वाट बघायची नाही. 37 चा आकडा दिसला, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, नारायणमामांनी आप्पांना फोन करायचा. सुरुवात करा म्हणून वेगळ्या परवानगीची गरज नाही.

2. माल आपल्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर न्यायचा. परवान्यासोबतच्या नकाशात पहिला मजला दाखवलेला आहे. आप्पांनी नकाशा कपाटातून काढून सगळ्यांसमोर ठेवला, त्यामुळे यावर शंका उरलेली नाही.

3. चढवण्याचा क्रम : आधी फ्रीजमधला माल, मग इंजेक्शनं आणि, सलाईन सोडून, बाकीचा महागडा माल, मग गोळ्यांच्या पेट्या, शेवटी सलाईन आणि सिरप. सलाईन जड असतं आणि वर जागा कमी आहे. सगळं बसलं नाही तर खाली राहणारा माल सलाईनचाच असेल.

4. मोठा फ्रीज आत्ताच, पाऊस धरायच्या आधी, वरच्या मजल्यावर कायमचा न्यायचा. लहान फ्रीज खाली राहील आणि त्यात फक्त रोजच्या विक्रीचा माल ठेवायचा.

5. पुराच्या पाण्यात भिजलेलं एकही औषध विकायचं नाही. पट्टी बाहेरून कोरडी दिसली तरीसुद्धा नाही. वेगळं काढायचं, फोटो काढायचा, बॅच नंबरासह यादी करायची आणि दीपाली मॅडमच्या सहीशिवाय ते दुकानाबाहेर जाणार नाही.

6. गगनबावडा आणि पन्हाळा रुटच्या दुकानदारांना जूनअखेर नेहमीपेक्षा 15 दिवसांचा जादा माल द्यायचा. तो रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा : मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट येणं, थायरॉइड. टॉनिक आणि क्रीम जादा द्यायची नाहीत.

चर्चा

37 च्या आकड्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. नारायणमामांचं म्हणणं होतं की 2019 ला पाणी चढायला वेळ लागला होता, 2021 ला मात्र जुलैच्या त्या दोन-तीन दिवसांत नदी अशी चढली की माणसं घरातून बाहेर पडेपर्यंत रस्ते गेले. 2019 ला पातळी 55 फुटांवर गेली होती, 2021 ला 56 च्याही वर. आपला गाळा जयंती नाल्याच्या बाजूला आहे. नदीचं पाणी चढलं की ते नाल्यातून मागे फिरतं, म्हणून नदीकाठापासून लांब असूनही आपल्याकडे लवकर शिरतं. सागर 39 म्हणत होता. 37 ला माल चढवला आणि पाणी उतरलं, तर दोन दिवसांचा धंदा बुडेल हे त्याचं म्हणणं खोटं नाही. आप्पांनी ते मान्य करूनच 37 ठेवलं.

राधानगरीच्या दरवाज्यांवरून पातळीचा अंदाज घ्यावा का, हाही मुद्दा निघाला. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक उघडला की 1428 क्युसेक पाणी सुटतं. दरवाजा उघडल्याची बातमी आली की सावध व्हायचं, पण निर्णय पातळीवरच घ्यायचा, असं ठरलं. कारण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी पंचगंगेत येतं. राधानगरीचा एकही दरवाजा न उघडता नदी चढू शकते. अलमट्टीच्या पाण्यावरही बराच वेळ बोलणं झालं. मतं दोन्ही बाजूंनी होती, आपल्या कामाचं त्यातून काही ठरलं नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

आता उचगावचा विषय. ग्रुपवर तो असा आहे :

सागर : सगळा माल उचगावला मामांच्या शेडात टाकूया. मोकळंच पडलंय. झालं की!
असिफभाई : टेम्पो तयार हाय. चार फेऱ्यांत गोडाऊन रिकामं
नारायणमामा : नाद खुळा
दीपाली मॅडम : तिथला परवाना कुठे आहे?
सागर : पुरात परवाना कोण बघतंय मॅडम
आप्पा : मी बघतो. थांबा जरा.

या खाली पाच अंगठे आहेत. त्यावरून सगळ्यांनी मान्य केलं असं समजू नका. अंगठ्यांतला एक माझाच आहे आणि तो मी असिफभाईंच्या टेम्पोच्या मेसेजला दिला होता. दीपाली मॅडमनी बैठकीत नीट समजावलं : घाऊक औषध विक्रीचा परवाना जागेला असतो. परवाना नसलेल्या जागी औषधं साठवली तर पूर ओसरल्यावर ती आपल्यालाच अडचणीची ठरतात. शिवाय पत्र्याच्या शेडात पावसाळ्यात दमटपणा किती राहील, हे कुणी बघितलेलं नाही. सागरचा हेतू चांगला होता. 2021 सारखं पाणी आलं तर पहिला मजला पुरेल का, हा त्याचा प्रश्न अजून उभा आहे. म्हणून आप्पा अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन तात्पुरत्या जागेसाठी काय करावं लागतं ते विचारणार आहेत. उत्तर येईपर्यंत उचगावला एक पेटीही जाणार नाही.

फ्रीजमधल्या मालाबद्दल दीपाली मॅडम जे बोलल्या ते बाळूदादांनी मुद्दाम वाचावं, कारण पॅकिंग तुमच्या हातात असतं. इन्शुलिन आणि धनुर्वाताची लस 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. गोठून वितळलेलं इन्शुलिन बघून कळेलच असं नाही, आणि ते पेशंटला द्यायचं नसतं. वीज गेली की भरपूर बर्फ टाकायचा, असं असिफभाई म्हणाले होते. त्यानेच नुकसान होतं. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवायचे. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच डब्यात घालायचे आणि औषध व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा ठेवायचा.

अजून न ठरलेलं

जनरेटर भाड्याने घ्यायचा की विकत, हे ठरलं नाही. पाणी चढलं की महावितरण त्या भागाची वीज बंद करतं, त्यामुळे तो लागणार हे नक्की. 2019 ला महामार्ग बंद पडला तेव्हा शहरात डिझेल मिळणं अवघड झालं होतं, म्हणून डिझेल आधी भरून ठेवावं असं असिफभाईंचं मत आहे. ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न राहिला. औषधांजवळ नाही, एवढंच एकमताने.

जादा माल घेणाऱ्या दुकानदारांना उधारी किती दिवसांची, हेही राहिलं. सागर 45 दिवस म्हणतो. आप्पांनी ना हो म्हटलं ना नाही. संगीतावहिनींशी बोलल्याशिवाय आकडा सांगणार नाही, असं ते म्हणाले. ओंकार, तोवर कळे किंवा मांडुकलीच्या दुकानदाराला 45 दिवसांचा शब्द देऊ नकोस. सध्याचेच 21 दिवस चालू आहेत.

कुणी काय करायचं

आप्पा : अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी, बुधवार 10 जूनपर्यंत. उत्तर मिळालं की तोंडी न सांगता ग्रुपवर लिहितील.

नारायणमामा : 15 जूनपासून रोज सकाळी 8 आणि रात्री 9 ला राजाराम बंधाऱ्याची पातळी ग्रुपवर टाकायची. पातळी 30 च्या वर गेली की दर तीन तासांनी. मामा सुट्टीवर असतील त्या दिवशी हे काम असिफभाईंचं.

दीपाली मॅडम : चढवण्याच्या क्रमाची रॅकनिहाय यादी, गुरुवार 11 जून. ती छापून दोन्ही मजल्यांवर चिकटवली जाईल. थर्मामीटर दोन आणायचे, तेही त्यांच्याकडेच.

असिफभाई : मोठा फ्रीज वर नेणं, रविवार 7 जून, दुकान बंद असताना. बाळूदादा, तुमची मदत लागेल. तुम्हाला न विचारता हा दिवस ठरला आहे. घरचं कार्य असेल तर आजच असिफभाईंना फोन करा, ते दुसरा माणूस बघतील. फ्रीज उभाच न्यायचा आणि वर ठेवल्यावर काही तास थांबूनच चालू करायचा. तोपर्यंत आतला माल लहान फ्रीजमध्ये.

सागर : जनरेटरचे भाडं आणि खरेदी असे दोन्ही दर, किमान तीन ठिकाणचे, शुक्रवार 12 जूनच्या बैठकीत.

ओंकार : गगनबावडा आणि पन्हाळा रुटच्या प्रत्येक दुकानाची रोज लागणाऱ्या औषधांची मागणी, 13 जूनपर्यंत माझ्याकडे. कोणत्या दुकानात फ्रीज आहे आणि वीज गेल्यावर त्याला इन्व्हर्टर आहे का, हे प्रत्येकाला विचार. नसेल तिथे इन्शुलिन जादा देता येणार नाही. पन्हाळ्याकडे जाताना केर्लीजवळ रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून त्या बाजूची दुकानं आधी घे.

संगीतावहिनी : विम्याच्या पॉलिसीत पुराचं संरक्षण आहे का आणि मालाची रक्कम आजच्या साठ्याला पुरते का, हे बघायचं. मुदत 12 जून. पहिल्या मजल्यावर हलवलेला मालही त्यात येतो का, हे एजंटाकडून लेखी घ्या, असं आप्पांनी दोनदा सांगितलं. तुम्ही रजेवर असताना तुमच्या नावावर काम आलंय. मुदत जमणार नसेल तर सोमवारी आप्पांना सांगा, पुढे ढकलायला ते तयार आहेत.

मनीषा : दर शनिवारी साठ्याची यादी छापून एक प्रत आप्पांच्या घरी आणि एक ईमेलवर. बिलिंगचा कॉम्प्युटर टेबलाखालून काढून भिंतीवरच्या फळीवर, पुढच्या आठवड्यात.

पुढची बैठक शुक्रवार 12 जून, संध्याकाळी 6. विषय : जनरेटर, उधारी, विमा आणि आप्पांना मिळालेलं उत्तर.

हजर असलेल्यांनीही हे वाचावं. कुणाचं म्हणणं चुकीचं लिहिलं गेलं असेल तर सोमवार 8 जून दुपारपर्यंत मला थेट सांगा. दुरुस्त प्रत त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवते आणि फाईलला लावते.

मनीषा
शनिवार, 6 जून 2026